भाजलं, घास अडकला, चक्कर आली : सोसायटीत पहिली दहा-वीस मिनिटं

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून काम केलं, आता रिटायर आहे, आणि आज तुमच्याशी तीनच गोष्टी बोलणारे : भाजणं, घास अडकणं आणि चक्कर येऊन पडणं. तिन्ही वेळेला आपल्या लोकांचा हात काहीतरी द्यायलाच जातो बघा, भाजलं की काहीतरी लावायचं, घास अडकला की पाणी पाजायचं, चक्कर आली की पुन्हा पाणीच पाजायचं, आणि कॅज्युअल्टीत आम्हाला पेशंटच्या दुखण्याआधी बऱ्याचदा हेच निस्तरायला लागायचं.

भाजण्यापासून सुरू करते, कारण घरात सगळ्यात जास्त हेच होतं. समजा सकाळी आठची वेळ आहे, टेबलावर आजोबांचा चहा ठेवलाय, दीड-दोन वर्षांचं पोर टेबलक्लॉथ ओढतं आणि अख्खा कप छातीवर आणि हातावर. आई किंचाळते, आजी टूथपेस्ट आणायला पळते, शेजारच्या काकू हळद घेऊन येतात, कुणी म्हणतं बटाटा किसून लावा, कुणी बर्फ. यातलं काही म्हणजे काही लावायचं नाही.

आधी पोराला उचलून थेट बाथरूममध्ये न्या. जाता जाता कपडे काढा, झबलं, बनियन, आणि हो, डायपरसुद्धा, कारण त्यात गरम चहा शोषला जातो आणि आत भाजत राहतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. कपडा कातडीला चिकटला असेल तर मात्र ओढायचा नाही, त्याच्या आजूबाजूचा कात्रीने कापायचा. मनगटातली बिंदली, काळा दोरा, गळ्यातली साखळी लगेच काढा, मोठ्या माणसाच्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ पण, कारण थोड्या वेळात सूज येते आणि मग अंगठी निघत नाही, आम्हाला ती कापायला लागते.

मग नळाखाली धरा, हळू धार, फक्त भाजलेल्या जागेवर, आणि पूर्ण वीस मिनिटं. मोबाईलवर टायमर लावा, कारण रडणारं पोर हातात असलं की दोन मिनिटं झाली तरी अर्धा तास झाल्यासारखं वाटतं आणि लोक नळ बंद करतात. गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच राहतो ना, तसंच कातडीचं होतं, वरून गरम पाणी निघून गेलं तरी आतली उष्णता खाली खाली जात राहते, ती ओढून काढायला एवढा वेळ लागतो. पहिल्या तासाभरात कुणी काही केलं नसेल तर उशिरा का होईना पाणी घाला, तीन तासांपर्यंत तरी त्याचा उपयोग होतो.

बर्फ का नाही, तर बर्फाने त्या जागेचा रक्तपुरवठा आकसतो, आधीच दुखावलेली कातडी आणखी मरते. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई याने उष्णता आत कोंडते, आणि डॉक्टरला जखम किती खोल आहे हे दिसतच नाही, मग ते खरवडून काढायला लागतं. एक गोष्ट सोसायटीची म्हणून सांगते, एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला गरमागरम येतं, तेव्हा आधी हात लावून बघा, गरम असेल तर माठातलं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. आणि पाणी येण्याच्या वेळा ठरलेल्या असतील, नळ कोरडा असेल, तर बादलीतलं पाणी तांब्याने सतत ओतत राहा. फ्रीजमधलं एकदम थंड पाणी नको, आणि लहान पोराला तर बाकी अंग टॉवेलमध्ये गुंडाळूनच ठेवा, नाहीतर भाजण्यापेक्षा थंडीनेच ते गारठतं, ओठ निळे पडायला लागले किंवा थरथर व्हायला लागली तर पाणी थांबवा.

वीस मिनिटं झाली की वर किचनमधली ती प्लास्टिकची क्लिंग फिल्म असते ना, तिची पहिली दोन-चार इंच फेकून द्या आणि पुढची नुसती वर अंथरा, हाताभोवती घट्ट गुंडाळायची नाही, सूज आली की आवळते. नसेल तर धुतलेला सुती कपडा, जुनी साडी चालते. कापूस नाही, तो चिकटतो. फोड आले तर फोडू नका, तो फोड म्हणजे फुकटचं बँडेज आहे.

दवाखान्यात कधी न्यायचं? ज्याला भाजलंय त्याच्या स्वतःच्या तळहातापेक्षा, बोटांसकट, जागा मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाऊल, जांघ, सांधा असेल, किंवा पोर नाहीतर म्हातारं माणूस असेल, तर जायचंच. आपल्या त्या पोराला न्यायचंच, हातावर पण आहे आणि वय लहान आहे. आणि एक विचित्र गोष्ट, जिथे पांढुरकं किंवा चामड्यासारखं दिसतं आणि दुखत नाही, तिथे लोक खुश होतात, अरे दुखत नाहीये म्हणून, पण दुखत नाही म्हणजे आतल्या नसाच जळल्यात, ते सगळ्यात वाईट. गिझरचा किंवा बोर्डाचा शॉक लागून भाजलं तर आधी मेन स्विच बंद, माणसाला हात त्यानंतर, आणि बाहेरून ठिपका एवढंसं दिसलं तरी डॉक्टरला दाखवायचं, आत कुठून कुठे करंट गेलाय हे बाहेरून कळत नाही.

आता घास अडकणं. जेवताना ठसका लागला की आपण काय करतो, वर बघ, वर बघ म्हणतो आणि डोक्यावर थापटतो. तो माणूस खोकतोय तोपर्यंत त्याला काही करू नका, नुसतं पुढे वाका आणि जोरात खोका म्हणा, खोकला हाच सगळ्यात चांगला उपाय आहे. पण जर तो बोलू शकत नाही, आवाजच येत नाही, हात गळ्याकडे जातायत, चेहरा काळानिळा पडायला लागला, तर विचारा, अडकलंय का? मान हलवली की लगेच कामाला लागा. पाणी नाही, केळं नाही, भाताचा गोळा तर अजिबात नाही, वरून काही ढकललं की ते आणखी घट्ट बसतं.

त्याच्या बाजूला किंचित मागे उभं राहा, एका हाताने छातीला आधार द्या आणि त्याला चांगलं पुढे वाकवा, वाकवलं नाही तर निसटलेला तुकडा बाहेर यायच्या ऐवजी आत जातो. मग तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने दोन फऱ्यांच्या मधोमध, पाठीवर पाच जोरदार तडाखे. थापट्या नाही, तडाखे, प्रत्येक वेळी बघायचं निघालं का. नाही निघालं तर मागे उभं राहून दोन्ही हात पोटाभोवती घाला, एक मूठ बेंबीच्या वर आणि फासळ्यांच्या खाली, दुसऱ्या हाताने ती धरून आत आणि वर असा झटका, पाच वेळा. मग परत पाच पाठीवर, पाच पोटावर, निघेपर्यंत. एवढ्यात दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा. गरोदर बाई असेल किंवा माणूस इतका जाड की पोटाभोवती हात पोचत नाहीत, तर झटके छातीच्या मधल्या हाडावर द्या.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पोटाला हातच लावायचा नाही. त्याला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा धरून ठेवायचा, पाठीवर पाच, मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब. तोंडात दिसतंय ते बोटाने काढा, दिसत नसेल तर आंधळेपणाने बोट घालू नका, शेंगदाणा आणखी आत जातो. आणि माणूस बेशुद्ध पडला तर आडवं करायचं, छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची, सीपीआर. वस्तू निघाली तरी पोटावर झटके दिलेल्या माणसाला दवाखान्यात दाखवाच, आत मार लागलेला असू शकतो.

चक्कर मात्र तशी सोपी आहे, फक्त आपणच ती अवघड करतो. गणपतीच्या आरतीला गर्दी, उकाडा, कुणाचा तरी उपास, तासभर उभं राहिलं की मेंदूला रक्त कमी पोचतं आणि माणूस खाली बसतो, खरं तर पडतो. तेवढ्यात चौघं जण त्याला उचलून खुर्चीवर बसवतात, डोकं वर ठेवतात. ते शरीर पडलं कशासाठी, तर डोकं हृदयाच्या पातळीत यावं म्हणून, आणि आपण त्याला परत उभं करतो!

तर आधी आडवंच राहू द्या. गर्दी मागे सारा. मग खांदा हलवून हाक मारा, आणि छातीकडे दहा सेकंद बघा, श्वास चाललाय का. श्वास नीट असेल तर पाय एखादा फूट वर करा, उशी, बॅग, कशावर पण, मानेचं बटण, कंबरेचा पट्टा सैल करा. साधारण मिनिटाभरात शुद्ध येते. शुद्ध आल्यावर पण लगेच उठवायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं पडू द्या, मग बसवा, मग पाणी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातलं की ते फुफ्फुसात जातं. कांदा-चप्पल वगैरे कुणी हुंगवायला आलं तर त्यांना पंखा आणायला पाठवा, म्हणजे त्यांनाही काम मिळतं.

मधुमेही असेल आणि पूर्ण शुद्धीवर असेल, घाम-थरथर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. उलटी होत असेल, पण श्वास नीट असेल, तर कुशीवर वळवा.

पण मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाहीये, गरोदर आहे किंवा पडताना डोक्याला लागलंय, तर ती साधी चक्कर नाही, १०८. आणि श्वासच नाही किंवा मधूनच घरघर करत एखादा घोट घेतल्यासारखा येतोय, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने दाबत राहा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत, दमलात की दुसऱ्याने दोन मिनिटांनी बदलायचं.

फोन करताना आधी पत्ता सांगा, मग काय झालंय ते. सोसायटीचं नाव, विंग, मजला, आणि रस्त्यावरची जवळची खूण, कारण गेटवरची बी विंगची पाटी रात्री दिसत नाही. वॉचमनला गेट उघडायला लावा, एकाने लिफ्ट खाली अडवून ठेवायची आणि एकाने रस्त्यावर जाऊन मोबाईलचा टॉर्च हलवत उभं राहायचं. पलीकडचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका.