मुद्दल तसंच, व्याजावर शिष्यवृत्ती

[दृश्य: टेबलावर मुदत ठेवीच्या पावत्या, शेजारी उघडी खतावणी]

हा आहे 50 लाखांचा कायम निधी. देणगीपत्रात एकच अट आहे, पण कडक आहे: मुद्दलाला हात लावायचा नाही. दर वर्षी जे व्याज येईल, तेवढ्यातूनच शिष्यवृत्त्या द्यायच्या. ठेवीवर 7 टक्के व्याज धरलं, तर वर्षाला साडेतीन लाख मिळतात.

आकडे आपण उदाहरणादाखल घेतले आहेत. पण विश्वस्तांच्या बैठकीत पहिली चूक इथेच होते, ती अशी: शिष्यवृत्ती 25 हजारांची, व्याज साडेतीन लाखांचं, म्हणजे 14 विद्यार्थी.

तसं होत नाही. हिशेब लिहिणं, लेखापरीक्षण, टपाल आणि कार्यालय यांचा खर्च 30 हजार. निवडीचा खर्च 40 हजार. उरले 2 लाख 80 हजार.

[दृश्य: अर्जांचा गठ्ठा, कागदपत्रं पडताळणारे हात]

निवडीच्या खर्चावर कात्री चालवायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यात जाहिरात असते, अर्जांची छाननी असते, उत्पन्नाच्या दाखल्यांची पडताळणी असते आणि मुलाखतीला येणाऱ्या मुलांचा प्रवासखर्चही असतो. हा शेवटचा खर्च कधीही कापू नये. तो कापला, तर ज्याला शिष्यवृत्तीची सर्वांत जास्त गरज आहे, तोच मुलाखतीला येत नाही. बचत करायची तर ती छाननीत करावी. आलेल्या प्रत्येक अर्जाची सखोल पडताळणी करायची गरज नसते; गुण आणि उत्पन्न यांवरून आधी चाळणी लावावी आणि अंतिम यादीतल्या दहा-पंधरा जणांचीच कागदपत्रं मुळापासून तपासावीत.

आता हाती असलेल्या 2 लाख 80 हजारांत 11 विद्यार्थी बसतात. मग पहिल्याच वर्षी 11 जणांना निवडायचं का?

अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. आज निवडलेला विद्यार्थी पुढची दोन वर्षंही याच व्याजातून शिकणार. 11 जण एकदम घेतले, तर पुढची दोन वर्षं नव्या मुलांसाठी जागाच उरत नाही. म्हणून दर वर्षी तीनच विद्यार्थी घ्यायचे. तिसऱ्या वर्षी एकूण नऊ होतात आणि त्यांना सव्वादोन लाख लागतात.

[दृश्य: बँकेचं पासबुक, शिलकीच्या रकान्यावर बोट]

खरी कसोटी पहिल्या दोन वर्षांची. पहिल्या वर्षी 75 हजार वाटले जातात, दुसऱ्या वर्षी दीड लाख. या दोन वर्षांअखेर खात्यावर 3 लाख 35 हजार शिल्लक दिसते. बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "पैसे पडून आहेत, आणखी मुलं घेऊ या." ही शिल्लक वेगळ्या राखीव खात्यात ठेवली आणि ताळेबंदात तिला स्वतंत्र नाव दिलं, तर हा प्रश्न निम्मा सुटतो. तिचं काम पुढे लगेच दिसतं.

समजा, ठेवीची मुदत संपली आणि नवा दर 6 टक्के मिळाला. व्याज साडेतीन लाखांवरून तीन लाखांवर आलं, म्हणजे सातवा हिस्सा घटला. लेखापरीक्षकाचं शुल्क मात्र घटत नाही, निवडीचा खर्चही नाही. सगळी 50 हजारांची झळ शिष्यवृत्तीलाच बसते आणि तिच्यासाठी 2 लाख 30 हजार उरतात. नऊ मुलांचे सव्वादोन लाख जेमतेम भागतात. दर वर्षी चार घेतले असते, तर बारा जणांना तीन लाख लागले असते. 70 हजारांची तूट पडली असती, आणि मुलं तर अभ्यासक्रमाच्या मध्यावर.

म्हणून विद्यार्थीसंख्या चांगल्या दरावर ठरवू नये. ठेवीही एकाच तारखेला संपतील अशा ठेवू नयेत. त्या वेगवेगळ्या वर्षी संपल्या, तर दर पडला तरी सगळं व्याज एकदम घसरत नाही.

आणखी एक गोष्ट पावतीवर पाहावी: व्याज दर वर्षी हातात येतं का? काही ठेवींमध्ये ते मुदत संपल्यावरच मिळतं. वहीत उत्पन्न दिसतं, पण शुल्क भरायच्या दिवशी खात्यात पैसा नसतो. म्हणूनच यंदाच्या शिष्यवृत्त्या गेल्या वर्षी प्रत्यक्ष जमा झालेल्या व्याजातून देणं बरं.

मग दर वर्षी चौथा विद्यार्थी कधी घेता येईल? त्याच्यासाठी तिसऱ्या वर्षापासून वर्षाला 75 हजार जादा लागतील. 6 टक्क्यांनी तेवढं व्याज यायला मुद्दलात साडेबारा लाखांची भर हवी. देणगीदाराशी बोलताना हाच आकडा समोर ठेवायचा.