सिलेक्शन किती मोठं घ्यायचं?

मित्रहो, आज मी एकाच फोटोबद्दल बोलणार आहे. फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा आहे. ओल्या फरशीवर एक माणूस उभा आहे, मागे विटांची भिंत आहे आणि त्याची सावली डावीकडे लांबवर पसरली आहे. माणूस काढायचा आहे. फोटोशॉपमध्ये ऑब्जेक्ट सिलेक्शननं त्याची कड अगदी काटेकोर पकडली, निवडलेली जागा एआय मॉडेलकडून भरून घेणारं जनरेटिव्ह फिल दाबलं आणि प्रॉम्प्ट रिकामा ठेवला. माणूस गेला, पण त्याच जागी दुसराच माणूस आला! पुन्हा केलं तर खांबासारखं काहीतरी उगवलं.

पहिल्यांदा हे पाहिलं की प्रॉम्प्टमध्ये ‘माणूस काढ’ असं लिहावंसं वाटतं. ते करू नका. चूक सिलेक्शनमध्ये आहे. मॉडेलला तुमचा हेतू कळत नाही. त्याला एक भोक दिसतं आणि भोकाभोवतीचे पिक्सेल दिसतात. त्यांच्याशी जुळेल असं काहीतरी ते भोकात भरतं. इथे कडेला जॅकेटच्या रंगाची दोन-तीन पिक्सेलची रेघ उरली होती, केसांच्या बटा उरल्या होत्या. फरशीवर सावली तशीच होती आणि सावली असेल तर ती पाडणारं कुणीतरी हवंच. त्यात भोकाचा आकारही माणसासारखाच. इतके पुरावे माणसाच्या बाजूनं असताना मॉडेलनं पुन्हा माणूसच रंगवला यात नवल नाही.

म्हणून आधी Select > Modify > Expand मध्ये जाऊन सिलेक्शन साधारण 40 पिक्सेलनं फुगवा. हा आकडा या फोटोपुरता. लहान फोटोत 10 सुद्धा पुरतात. कड जिथे स्वच्छ विटेवर किंवा स्वच्छ फरशीवर टेकते, तिथे थांबायचं. मग लॅसो घ्या, शिफ्ट दाबून ठेवा आणि सावली जोडा. फरशी ओली आहे, तेव्हा पायाखालचं प्रतिबिंबही जोडा, ते हमखास विसरतं. लॅसो जरा ओबडधोबड फिरवा, म्हणजे माणसाची आकृती मोडते.

आता उलट टोक. काहीजण चिडून अर्धी भिंतच निवडतात. तसं केलं की विटांची ओळ कुठून येते आणि सांध्यांचा उतार किती, हे शिकायला बाहेर काही उरत नाही. मॉडेल आपल्या मनाची भिंत बांधतं आणि खऱ्या ओळी तिच्या ओळींना मिळत नाहीत. सगळ्या बाजूंनी खऱ्या भिंतीचा ऐसपैस पट्टा सिलेक्शनबाहेर राहिला पाहिजे.

मोठ्या सिलेक्शनची दुसरी किंमत तपशिलात मोजावी लागते. 2023 मध्ये ही सोय आली तेव्हा मॉडेल एका वेळी जेमतेम 1024 बाय 1024 पिक्सेलचं चित्र बनवत असे; सिलेक्शन त्याहून मोठं असलं की तेच चित्र ताणून बसवलं जाई. नंतरच्या मॉडेलांनी ही मर्यादा पुढे ढकलली. तुमच्याकडे काय होतंय ते 100 टक्के झूमवर पाहा. शेजारच्या खऱ्या विटेवर कॅमेऱ्याचा दाणा दिसतो आणि भरलेली वीट मेणासारखी गुळगुळीत असेल, तर ताणलं गेलं आहे असं समजा.

आपल्या फोटोत माणूस आणि सावली मिळून सिलेक्शन सुमारे 1150 बाय 1300 झालं. सावली नंतर काढू म्हणून ते तोडावंसं वाटेल, पण मग पहिल्याच फेरीत सावली बाहेर राहते आणि नवा माणूस परत येतो. त्यामुळे पहिली फेरी एकत्रच करा, भिंत थोडी मऊ आली तरी चालेल. या फेरीचं काम एवढंच, की चित्रातून माणसाचा पुरावा जावा. मग तो लेयर चालू ठेवून दुसरी फेरी करा: जिथे माणूस होता तिथे 500 रुंद आणि 700 उंच असा तुकडा निवडा, दोन्ही कडा खऱ्या विटांवर थोड्या चढवा आणि प्रॉम्प्ट रिकामा ठेवा. डावीउजवीकडे आता खरी, धारदार भिंत आहे आणि तुकडा लहान आहे. विटा कुरकुरीत येतात. मग खालचा तुकडा, मग फरशी.

स्टेबल डिफ्युजन हे चित्रं बनवणारं मॉडेल ज्यातून चालवतात त्या Automatic1111 मध्ये, मॉडेलला भोवतालचं किती दिसावं हे तुमच्या हातात असतं. तिथे बदलायचा भाग ब्रशनं रंगवतात, तो मास्क. Inpaint मध्ये Only masked निवडलं की मास्कभोवतीचा चौकोन कापून मॉडेलला दिला जातो, आणि Only masked padding, pixels हा आकडा मुळात 32 असतो. चेहरा दुरुस्त करताना 32 मध्ये खांदेही दिसत नाहीत आणि मान वाकडी बसते. तो 128 पर्यंत वाढवा. नाहीतर मास्कच्या ब्रशनं दूर, बिनमहत्त्वाच्या जागी एक बारीक ठिपका द्या. चौकोन त्या ठिपक्यापर्यंत पसरतो. मात्र चौकोन वाढला की चेहऱ्याच्या वाट्याचे पिक्सेल कमी होतात, तेव्हा खांदे दिसले की पुरे.

शेवटी फोटोशॉपमधली एक गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. निवडलेला सगळा भाग अंतिम चित्रात ठेवावाच लागतो असं नाही. जनरेटिव्ह लेयरला स्वतःचा मास्क असतो आणि मूळ फोटो खाली शाबूत असतो. भरून झाल्यावर मऊ ब्रशनं त्या मास्कवर काळा रंग फिरवा आणि जिथे मूळ वीट चांगली होती तिथे ती परत आणा. फक्त माणसाच्या जुन्या कडेपासून जरा लांब थांबा, नाहीतर जॅकेटची ती रेघ पुन्हा दिसू लागते.