जेवणानंतर पोट फुगतंच आहे? ब्रेथ टेस्ट करण्याआधी हे ऐका

नमस्कार. मी पोटाच्या विकारांची डॉक्टर आहे. आज एका कागदाबद्दल बोलायचंय. परवा एक बाई तो घेऊन आल्या. वय चाळीसच्या आसपास. कागदावर ठळक अक्षरांत 'सीबो पॉझिटिव्ह' असं छापलेलं. सीबो म्हणजे लहान आतड्यात जिवाणूंची नको तेवढी वाढ.

त्यांची तक्रार अशी की सकाळी पोट सपाट असतं, दुपारचं जेवण झालं की तासाभरात टम्म फुगतं आणि संध्याकाळी कपडे सैल करावे लागतात. आधी दूध सोडलं, मग गहू, मग कांदा-लसूण, मग कडधान्यं. वजन चार किलो उतरलं, पोट मात्र फुगायचं थांबलं नाही. तपासणी झाली, दोन आठवडे अँटिबायोटिक घेतलं, पंधरा दिवस बरं वाटलं आणि परत पहिले पाढे पंचावन्न. आता त्यांना तीच तपासणी पुन्हा करायची होती. मी म्हटलं, 'थांबा, आधी मला तो आकड्यांचा कागद दाखवा.'

ही ब्रेथ टेस्ट, म्हणजे श्वासाची तपासणी, मोजते काय, ते आधी बघू. आपल्या शरीरातल्या पेशी हायड्रोजन वायू तयार करत नाहीत. तो फक्त आतड्यातले जिवाणू साखर आंबवतात तेव्हा तयार होतो, रक्तात उतरतो आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतो. म्हणून उपाशीपोटी एक गोड द्रावण प्यायला देतात आणि दर १५-२० मिनिटांनी पिशवीत फुंकायला सांगतात. हे दोन-तीन तास चालतं. हायड्रोजन लवकर वाढला तर जिवाणू लहान आतड्यातच बसलेत, असा त्यामागचा तर्क.

[पडद्यावर: ० मिनिटे – ४, २० – ५, ४० – ६, ६० – ९, ८० – २८, १०० – ४६]

हे त्या बाईंच्या हायड्रोजनचे आकडे, पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. नियम असा आहे की पहिल्या ९० मिनिटांत हायड्रोजन सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० किंवा जास्त वाढला, तर पॉझिटिव्ह. ८० व्या मिनिटाला २८, त्यातून ४ वजा, राहिले २४. नियमात बसतं, म्हणून शिक्का बसला.

पण त्यांना प्यायला काय दिलं होतं? लॅक्ट्युलोज, १० ग्रॅम. ही साखर माणसाच्या आतड्याला पचवताच येत नाही. ती लहान आतड्यातून तशीच पुढे सरकते आणि मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथे जिवाणू असतातच, सगळ्यांच्याच असतात, आणि तिथे हायड्रोजन उसळणारच. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच की ८० व्या मिनिटाला ते द्रावण नेमकं कुठे होतं. लहान आतड्यात, की मोठ्या आतड्याच्या तोंडाशी? फुंकलेल्या हवेवर पत्ता लिहिलेला नसतो! काही संशोधकांनी लॅक्ट्युलोजसोबत किरणोत्सर्गी खूण असलेलं द्रव्य देऊन ते कुठवर गेलं हे कॅमेऱ्याने पाहिलं. बहुतेकांमध्ये हायड्रोजन चढला तेव्हा ते मोठ्या आतड्यात पोहोचलेलंच होतं. शिवाय लॅक्ट्युलोज हे मुळात पोट साफ होण्यासाठी द्यायचं औषध, ते स्वतःच आतड्याचा वेग वाढवतं.

आता या बाईंचे आकडे पुन्हा बघा. साठ मिनिटं जवळपास काहीच नाही, मग एकदम चढ, आणि तो चढतच जातो. माझ्या मते हे द्रावण मोठ्या आतड्यात शिरल्याचं चित्र आहे.

'मग अँटिबायोटिकने बरं कसं वाटलं?' हा प्रश्न त्यांनीही विचारला, आणि रास्त आहे. सीबोसाठी दिलं जाणारं रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंवरही काम करतं, त्यामुळे तिथलाही वायू काही दिवस कमी होतो. २०११ साली या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. आयबीएस, म्हणजे वारंवार पोट दुखणं आणि शौचाचं तंत्र बिघडणं हा विकार असलेले पण बद्धकोष्ठ नसलेले रुग्ण, आणि ब्रेथ टेस्ट पॉझिटिव्ह असण्याची अटही नव्हती. औषध घेणाऱ्या सुमारे ४१ टक्के लोकांना आराम पडला, आणि नुसती औषधासारखी दिसणारी गोळी घेणाऱ्या सुमारे ३२ टक्के लोकांनाही. म्हणजे आराम पडला यावरून सीबो होतं असं ठरत नाही.

मग मी त्यांना एक गोष्ट विचारली, जी कुणीच नीट विचारली नव्हती. शौचाला साफ होतं का? म्हणाल्या, 'रोज होतं.' रोज होणं आणि साफ होणं यात फरक आहे. खोदून विचारल्यावर कळलं, पंधरा-वीस मिनिटं बसावं लागतं, कुंथावं लागतं, आणि उठल्यावर काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. गुदद्वाराची बोटाने तपासणी केली आणि जोर लावायला सांगितला. जोर लावताना जो स्नायू सैल पडायला हवा, तो त्यांच्यात उलटा आवळत होता. दार लावून घेऊन ढकलत बसल्यासारखं. मळ पुढे सरकत नाही, वायू अडकून राहतो, आणि वर जेवण पडलं की पोट ताणलं जातं. यात गहू सोडून काय होणार?

मग ब्रेथ टेस्ट कधी करावी? जिथे जिवाणू साठायला खरं कारण आहे, तिथे. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, आतडं कुठे अरुंद झालं असेल, स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार असेल, बरीच वर्षं मधुमेह असून आतड्याच्या नसा दुबळ्या झाल्या असतील, किंवा जुलाब, वजन घटणं, बी-१२ कमी होणं असं काही सोबत असेल. अशा वेळी मी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पसंत करते. ग्लुकोज लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच शोषलं जातं, त्यामुळे लवकर चढलेल्या हायड्रोजनला अर्थ असतो. मर्यादा अशी की आतड्याच्या शेवटच्या भागातली वाढ तिच्यातून निसटू शकते.

तपासणी करणारच असाल तर सोबत मिथेनही मोजतात का, ते विचारा. काहींच्या आतड्यातले सूक्ष्मजीव हायड्रोजन खाऊन मिथेन बनवतात, म्हणून नुसता हायड्रोजन मोजला तर आलेख सपाट दिसतो. मिथेन कधीही १० पीपीएम किंवा जास्त आला तर तो जास्त मानतात, आणि बद्धकोष्ठाशी त्याचा संबंध आहे. अँटिबायोटिक होऊन किमान चार आठवडे झालेले असावेत, आदल्या दिवशी चोथ्याचे पदार्थ टाळावेत, रात्रीपासून उपास हवा, आणि त्या सकाळी धूम्रपान किंवा व्यायाम नको. हे पाळलं नाही तर सुरुवातीचाच आकडा वर असतो आणि पुढचं सगळं वाचन फसतं.

आणि हे मी कळकळीने सांगते. पोट फुगणं पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालं असेल, विशेषतः बायकांमध्ये, तर श्वासाच्या तपासणीआधी अंडाशयाची सोनोग्राफी करून घ्या. आपोआप वजन घटणं, शौचातून रक्त, रक्त कमी होणं, सतत उलट्या यातलं काही असेल तर वाट बघू नका. गहू कायमचा बंद करण्याआधी, गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा करणाऱ्या सिलिअ‍ॅकची रक्त तपासणीही करून घ्या, कारण गहू बंद असताना ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

त्या बाईंना मी दुसरी ब्रेथ टेस्ट लिहून दिली नाही. मळ मऊ ठेवणारी पावडर, पायाखाली छोटं स्टूल, आणि बायोफीडबॅकचे वर्ग, म्हणजे पडद्यावर बघत तो स्नायू सैल सोडायला शिकणं. तीन महिन्यांनी आल्या तेव्हा कांदा आणि गहू परत सुरू झाले होते. संध्याकाळी पोट थोडं जड होतं म्हणाल्या, पण कपडे सैल करावे लागत नाहीत.