हळूहळू, गावोगावची, चालता चालता

(दृश्य : लातुरातलं डीटीपीचं दुकान. संगणकावर एका निवृत्त गुरुजींच्या आठवणींचं पुस्तक.)

गुरुजी औसा तालुक्यातले. 1972च्या दुष्काळाच्या आठवणी त्यांनी वहीत लिहिल्या, त्या इथं टाइप झाल्या. पहिल्याच पानावर हे वाक्य आहे : ‘विहिरी हळु-हळु आटल्या. गावो गावची माणसं चालता-चालता खडीच्या कामाचंच बोलायची.’

मुद्रितं तपासणाऱ्या ताईंची लाल पेन्सिल तीन ठिकाणी थांबली.

‘गावो गावची’चा निकाल लगेच लागतो. नुसतं ‘गावो’ कुणी म्हणत नाही. जो तुकडा एकटा उभा राहत नाही, तो शेजाऱ्याला चिकटवायचा : गावोगावची, मोठमोठी, भाकरीबिकरी.

‘हळु-हळु’ जरा अवघड. ‘हळू’ तर एकटा उभा राहतो. पण ‘हळू चाल’ म्हणजे वेग कमी कर. ‘विहिरी हळूहळू आटल्या’ म्हणजे रोज थोडं थोडं पाणी खाली गेलं. दोन मिळून एक वेगळाच अर्थ झाला, म्हणून शब्दही एक. लेखनाच्या नियमांत हा शब्द जोडूनच छापलेला आहे. मात्र तो नियम बोलतो ऱ्हस्व-दीर्घाबद्दल : ‘हळूहळू’तले दोन्ही ऊ दीर्घ, आणि ‘दुडुदुडु’सारख्या नादाच्या शब्दांत ऱ्हस्व. जागा सोडायची की नाही, हे बरंचसं वापरावरच चालत आलंय.

‘चालता चालता’त दोन्ही शब्द पूर्ण आहेत, अर्थही चालण्याचाच राहतो. ताई इथं मोकळी जागा ठेवतात. काहीजण जोडतात, त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘पाणीच पाणी’त तर मधे ‘च’ येऊन बसतो, तिथं जोडायचा प्रश्नच नाही.

आणि ती आडवी रेघ? गुरुजी म्हणाले, “रेघ मारली की कसं, जोडलं बी अन् तोडलं बी!” ताईंनी ऐकून घेतलं, आणि रेघा खोडल्या. त्यांच्या मते संयोगचिन्ह ‘आई-वडील’सारख्या जोडीला शोभतं, तोच शब्द दोनदा आला तर त्याचं काही काम नाही.

(दृश्य : कीबोर्डवर बोटं.)

खोडायचं काम टाइप करणाऱ्या पोरानं एका दमात उरकलं. पुस्तकभरातल्या सगळ्या रेघा शोधल्या आणि जागी काहीच न ठेवता बदलल्या. दुसऱ्या प्रुफात दुष्काळ ‘197273’चा झाला, रस्ता ‘औसातुळजापूर’ आणि माणसं ‘चालताचालता’ बोलू लागली.

ताईंनी जुनी फाइल उघडायला लावली. आता एकेक जागा बघून बदल चाललाय. ‘हळु-हळु’ संपले. मग त्यांनी मधे जागा सोडून ‘हळु हळु’ शोधायला सांगितलं. संगणकाला तो निराळाच शब्द. आणखी चार निघाले.