एक मात्रा जास्त
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माईक पोचतोय ना मागे? मागच्या रांगेत कोणी झोपणार असेल तर माझी हरकत नाही, फक्त आवर्तनात घोरा. आठ-आठ मात्रांवर.

विषय पत्रिकेवर छापलाय तोच आहे. हल्ली लोक कविता पाठवत नाहीत, कवितेचा फोटो पाठवतात. वहीचं पान, त्यावर हाताची सावली, निम्मी ओळ घडीत गेलेली आणि खाली दोन शब्द, ‘बघा जरा’. आता ‘बघा’ म्हणजे काय करा? वाहवा करा की दुरुस्त करा, हे फोटोत दिसत नाही. दुरुस्त करायची असली तर अर्थ आणि भाव न हलवता लय आणि शब्द कसे सुधारायचे, हे आज एका कडव्यावर करून दाखवतो. त्याआधी एक जुनं दुखणं काढू द्या. आयोजक घड्याळाकडे बघतायत, पण त्यांनी बोलावतानाच विचार करायला हवा होता.

माझी एक कविता एका अंकात छापून आली होती. अंकाचं नाव सांगत नाही, संपादक हयात आहेत आणि दांडगे आहेत. कविता झोप न येणाऱ्या माणसाची. त्यात ओळ होती, ‘कुठेतरी नळ ठिबकत होता’. अंक हातात आला तेव्हा तिथे छापलं होतं, ‘दूर कुठेसा निर्झर झरतो’. (हशा) हसा, हसा. मला ते पान उघडून तासभर हसू आलं नव्हतं. माझा माणूस रात्री अडीचला छताकडे बघत पडलेला, आणि संपादकांनी त्याला सहलीला नेऊन सोडलं. फोन केला तर म्हणाले, ‘अहो, नळ हा शब्द काव्यात बसत नाही.’ बसत नाही? मोजा तुम्ही. कु एक, ठे दोन, त एक, री दोन, झाल्या सहा. न-ळ दोन. आठ. ‘ठिबकत’ चार, ‘होता’ चार, पुन्हा आठ. सोळा मात्रांचं पादाकुलक, तक्रारीला जागा नाही. गंमत अशी की त्यांच्या निर्झराच्याही मात्रा बरोबर सोळा. ‘दूर’ तीन, ‘कुठेसा’ पाच, ‘निर्झर’ चार, ‘झरतो’ चार. म्हणजे वृत्ताने दोन्ही ओळींना पास केलं. पण ‘होता’चा ‘झरतो’ झाला तेव्हा भूतकाळ गेला, नळ गेला तेव्हा घर गेलं, आणि झोप न येण्याचं कारणच गेलं. मात्रा मोजणं हे दाराशी तिकीट तपासण्यासारखं आहे. आत गेलेला माणूस कोण, ते तिकिटावरून कळत नाही.

त्या संपादकांबद्दल अजून दोन किस्से आहेत. नको? बरं, मध्यंतरानंतर.

आता कडवं. एका परिचितांनी फोटो पाठवला, इथे सांगायला त्यांची परवानगी आहे. मी पहिलं काम करतो ते टाइप करण्याचं, आणि टाइप करताना एक वेलांटीही सुधारत नाही. खोडलेले शब्द वाचता येत असतील तर तेही टाइप करायचे, शंकेचा शब्द चौकटी कंसात ठेवायचा. घाईत लिहिलेल्या अक्षरात म आणि भ, घ आणि ध हे सख्खे भाऊ असतात. वाचता वाचता सुधारायला लागलात तर आपण कवीचं अक्षर वाचतोय की स्वतःचं मन, हे दहा मिनिटांनी सांगता येत नाही. हाती आलं ते असं:

चष्मा अजून तिथेच आहे
काचेवर त्याच्या धूळ जमली
पुसायचे मी टाळत असतो
त्यावर [त्याच्या] बोटांचा
ठसा आहे

पाच ओळी दिसतात. मीही क्षणभर म्हटलं, शेवटी मुक्तछंदात गेले वाटतं. पण बाकीच्या ओळी समासाच्या रेघेपासून सुरू होतात आणि ‘ठसा आहे’ हे पानाच्या उजव्या कडेला, ‘बोटांचा’च्या खाली कोंबलंय. म्हणजे ओळ मोडलेली नाही, कागद संपलाय. कवीने केलेला ओळभंग आणि पानाने केलेला ओळभंग यांतला फरक समास सांगतो. म्हणून फोटो मागताना पूर्ण पान मागा, चारी कडांसकट.

चौथ्या ओळीतला तो कंस बघा. ‘त्याच्या’ की ‘त्यांच्या’? बरोबर तिथेच मोबाइलची सावली पडली होती. एक टिंब. टिंब असेल तर आदरार्थी माणूस, नसेल तर भलताच कोणी. आणि इथे मात्राही मदतीला येत नाहीत, कारण ‘त्या’ही गुरू आणि ‘त्यां’ही गुरू, दोन्हीकडे मोजणी तीच. म्हणून दुसरा फोटो मागवला, या वेळी खिडकीच्या उजेडात काढलेला. त्यात टिंब तर होतंच, शिवाय पहिल्या फोटोत वर कापला गेलेला मथळाही आला: ‘बाबा’. सगळी कविता फिरली ना? मथळ्याशिवाय मी तिला लय लावायला बसलो असतो तर ती एखाद्या विसराळू माणसाची विनोदी कविताही झाली असती.

तिसऱ्या ओळीच्या वर एक रेघ मारलेला मजकूर होता: ‘पुसणार नाही’. तो खोडून ‘पुसायचे मी टाळत असतो’ केलंय. माझ्या मते सगळ्या पानावर हा सगळ्यात मोलाचा मजकूर. कवीने शपथ लिहून पाहिली आणि ती खोडून टाळाटाळ लिहिली. या कवितेचा भाव निर्धाराचा नाही. अंगावर येणारं काम माणूस उद्यावर टाकतो, तो भाव आहे. आता मी कितीही चांगली ओळ सुचवली, पण तिच्यात निर्धार आला, तर कवीने स्वतः केराच्या टोपलीत टाकलेलं मी उचलून परत टेबलावर ठेवलं असं होईल. फोटोचा फायदा हाच. टाइप केलेल्या कवितेत खोडाखोड दिसत नाही.

चिठ्ठी आली. किती, सात मिनिटं? म्हणजे विषय आत्ता सुरू होतोय आणि वेळ संपतेय. आवरतो.

लय. पहिली ओळ मोजा: ‘चष्मा अजून’ आठ, ‘तिथेच आहे’ आठ. तिसरी: ‘पुसायचे मी’ आठ, ‘टाळत असतो’ आठ. माधवराव पटवर्धन ज्याला पद्मावर्तन म्हणतात, ती आठ मात्रांची चाल कवीच्या कानात आपसूक आहे. म्हणून मी बाहेरून वृत्त लादत नाही, त्यांच्याच दोन ओळींचं माप उरलेल्या दोन ओळींना लावतो. कडव्यात एकही ओळ मापात नसती तर या मोजणीच्या वाटेला गेलोच नसतो.

दुसरी ओळ: ‘काचेवर’ सहा, ‘त्याच्या’ चार, ‘धूळ’ तीन, ‘जमली’ चार. सतरा. अडखळतं कुठे? आठव्या मात्रेवर ‘त्याच्या’ हा शब्द मधोमध चिरला जातो, ‘त्या’ अलीकडे, ‘च्या’ पलीकडे. आणि अर्थाला त्याची गरज नाही, कडव्यात चष्मा एकच आहे. तो काढला आणि केलं: ‘काचेवरती धूळ साचली’. आठ आणि आठ. ‘वरती’मधली ती ‘ती’ भरतीची आहे, कबूल, पण बोलण्यात चालते, कानाला टोचत नाही. ‘जमली’चं ‘साचली’ मात्र मी निव्वळ मात्रेसाठी केलं नाही. माणसं जमतात, धूळ साचते. साचायला दिवस लागतात, आणि तेवढेच दिवस हा माणूस टाळत आलाय.

चौथी: ‘त्यावर त्यांच्या’ आठ, छान. पुढे ‘बोटांचा’ सहा, ‘ठसा’ तीन, ‘आहे’ चार. तेरा. पाच जास्त. इथे मोह सुरू होतात. पहिला मोह: ‘ठसा तयांच्या बोटांचा तो’. मोजा, बरोब्बर सोळा. पण ‘तयांच्या’ म्हटल्याबरोबर बाबांच्या डोक्यावर पगडी आली. ‘अजून तिथेच आहे’ असं बोलणारा माणूस तीन ओळींनंतर ‘तयांच्या’ म्हणणार नाही. दुसरा मोह माझा स्वतःचा: ‘त्यावर त्यांची बोटे उरली’. ही ओळ सुचली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. सोळा मात्रा, शिवाय धक्का. पण ती माझी ओळ आहे. कवीने ठसा पाहिलाय, मी बोटं दाखवतोय. त्यांचा आवाज साधा आहे आणि मी तिथे टाळीची जागा तयार करतोय. ओळ वहीत ठेवली, माझ्या.

मग त्यांना फोन केला आणि एकच विचारलं, ‘त्यावर’ म्हणजे कशावर? धुळीवर की काचेवर? म्हणाले, ‘काचेवर हो, धुळीच्या खाली.’ मग ‘त्यावर’ नको, ‘खाली’ हवं! त्यानेच तर टाळण्याचं कारण कळतं: धूळ पुसली की ठसाही जाणार. ‘खाली’ चार, ‘त्यांच्या’ चार. पुढे आठ मात्रा हव्यात. त्यांनीच उत्साहात सुचवलं, ‘खाली त्यांच्या बोटांचे वळ’. आठ आणि आठ, चोख. (हशा) तुम्हाला कळलं, त्यांना कळायला दोन सेकंद लागली. बोटांचे वळ गालावर उठतात! वडिलांच्या आठवणीची कविता एका शब्दात वडिलांवरची तक्रार झाली असती.

शेवटी मी म्हटलं, तुमचा मूळ खर्डा मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून पाठवा. त्यांनी पाठवला. ‘बोटांचा ठसा’पर्यंत आवाज स्वच्छ, आणि ‘आहे’ जवळजवळ गिळलेला. तो ‘आहे’ हातानं लिहिला होता, तोंडाला नको होता. तसंही पहिल्या ओळीत एक ‘आहे’ आहेच. तो काढला:

चष्मा अजून तिथेच आहे
काचेवरती धूळ साचली
पुसायचे मी टाळत असतो
खाली त्यांच्या बोटांचा ठसा

सतरा. हो, मोजा, सतराच आहेत. एक मात्रा जास्त. मी त्यांना ‘खाली त्यांचा ठसा राहिला’ हा सोळाचा पर्यायही दिला होता. त्यांना तो पटला नाही. म्हणाले, बोटं गेली की ‘ठसा’ भाषणातला वाटतो, थोरामोठ्यांनी उमटवलेला. खरं आहे. उलट ‘बोटांचा’वर सहा मात्रा झाल्या की कान दोन मात्रांच्या शब्दाची वाट बघतो, तिथे तीन मात्रांचा ‘ठसा’ येतो आणि ओळ थोडी पुढे जाऊन थांबते. दुसऱ्या ओळीतली जास्तीची मात्रा मधल्या सांध्यावर बसली होती, म्हणून ठेच लागत होती. ही शेवटाला आहे. तिथे पुढची ओळ ताल धरून उभी नाही.

प्रश्न हवेत ना? दोनच घेतो. तुम्ही... हो, चष्मेवाले. तुमचा चष्मा पुसलेला दिसतोय. विचारा.