उलटा आठ

(नाशिकमधल्या सायकलप्रेमींच्या मासिक बैठकीतलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव ‘फोटोवरून हेल्मेट कसं ओळखावं’ असं छापलंय. हेल्मेटवर येणार आहे, नक्की येणार आहे. पण आधी हा क्रँक बघा, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो सायकलचा हात. सोबत आणलाय. दिसायला चकचकीत आहे, पण यानं माझी जी काही शोभा केली ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

मी सातपूरला कास्टिंगच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं तपासणीला होतो. म्हणजे दिवसभर हातात बॅटरी, भिंग आणि कोणीतरी ओतलेला अॅल्युमिनियमचा तुकडा. त्यामुळे धातूवरचं अक्षर दिसलं की ते वाचायच्या आधी ते कसं उमटलंय हे बघायची सवय लागलीय. लग्नात आहेराचं ताट आलं तरी आधी उलटं करून बघतो. बायको म्हणते, निदान लोकांसमोर तरी नको.

ठोक्याचं भांडं आणि ओतलेलं भांडं यातला फरक नाशिककरांना मी काय सांगायचा! भांडी बाजारात लहानपण गेलेली निम्मी मंडळी इथे बसलीत. सायकलच्या भागांचंही तेच. साचा दोन अर्ध्यांचा असतो. ते जुळतात तिथे ओतलेल्या भागावर एक बारीक रेघ राहते, तिला आम्ही पार्टिंग लाइन म्हणतो. साच्यातच असलेलं अक्षर भागावर बहुधा उठून येतं, त्याच्या कडा किंचित गोल असतात आणि भोवतालची जमीन रवाळ दिसते. याउलट घडवलेल्या भागावर पोलादी ठसा ठेवून घाव घालतात. अक्षर आत जातं, तळ सपाट होतो आणि दाबलेला धातू कडेला जरासा वर उचलला जातो. बोटाला नखभर खरखर लागते. ही उचललेली कड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोष्ट. माझ्याकडे १९७८ च्या सुमाराची एक इटालियन फ्रेम आहे. आपल्या गावच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत पूर्ण केली, तेव्हा आमच्यासारखे पोट सुटलेले लोकही पेटले. पण मला वेगात रस नाही, मला जुन्या गोष्टी जागेवर बसवण्यात रस आहे. फ्रेमला त्याच काळचा, कॅम्पाग्नोलो कंपनीच्या ‘रेकॉर्ड’ मॉडेलचा क्रँक हवा होता. इटालियन लोक म्हणे ‘कांपान्योलो’ म्हणतात. म्हणोत. आपल्याकडे मिसळ मागवून कोणी तिचा उच्चार तपासत नाही.

या कंपनीची एक सोय आहे. सत्तरच्या दशकातल्या क्रँकच्या पाठीवर पत्त्यातल्या चौकटसारखा एक छोटा आकार असतो आणि त्यात एक आकडा. चौकटमध्ये आठ म्हणजे १९७८. ऐंशीच्या दशकात चौकट जाऊन तिथे गोल आला. गोलात एक म्हणजे १९८१. गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरवरही ‘पेटंट’ शब्दापुढे दोन आकडे असतात. लोकांना वाटतं ते पेटंट मिळाल्याचं वर्ष, पण प्रत्यक्षात तो भाग साधारण कधी बनला ते त्यावरून कळतं. शिमानोची पद्धत वेगळी, तिथे दोन अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६ पासून सुरू, झेडला २००१, आणि २००२ ला पुन्हा ए. म्हणजे नुसतं अक्षर बघून चालत नाही, एकाच अक्षराची दोन वर्षं सव्वीस वर्षांच्या अंतरानं येतात. कोणतं धरायचं ते मॉडेल क्रमांक ठरवतो. असो. मी भरकटलो.

दुसऱ्या शहरातल्या एका गृहस्थानं क्रँकची जोडी विकायला काढली. सात फोटो टाकले. त्यातला चौथा पाठीचा, अगदी जवळून घेतलेला: फक्त चौकट आणि आठ. मी मोबाइल डोळ्याला लावला आणि माझा श्वासच अडकला. आठ चक्क वर उठलेला! चौकटही उठलेली! घडवलेल्या क्रँकवर ठशाचा आकडा वर कसा उठेल? म्हणजे कोणीतरी मूळ क्रँकवरून साचा काढून नक्कल ओतलीय. एकोणतीस वर्षांचा अनुभव एका क्षणात पेटला. मी सगळ्यांसमोर, आमच्या ग्रुपवर, लिहून मोकळा झालो: हे ओतकाम आहे, ही नक्कल आहे, कोणी घेऊ नका. खाली दोन परिच्छेद पार्टिंग लाइनवर. बत्तीस लोकांनी अंगठे दिले.

रात्री माझा मित्र आला. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेला, आयुष्य स्टँपच्या कडा बघण्यात गेलं. मी अभिमानानं फोटो दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, दोन मिनिटं बघितलं आणि एकच प्रश्न विचारला: “अरे, तुझ्या आठाचं डोकं पोटापेक्षा मोठं कसं?”

(हशा)

इंग्रजी आठ नीट बघा. वरचं वेटोळं किंचित लहान असतं, खालचं मोठं. या फोटोत वरचं मोठं होतं. म्हणजे फोटोच उलटा होता. विकणाऱ्यानं मोबाइल उलटा धरला असेल, किंवा क्रँक तरी. आठ उलटा केला तरी आठच राहतो, म्हणून मला कळलं नाही. सहा असता तर नऊ दिसला असता आणि मी वर्षातच तीन वर्षं चुकलो असतो.

आणि उलट्या फोटोत अक्षर उठलेलं का दिसतं? आपला मेंदू धरून चालतो की उजेड वरून येतो. सूर्य, दिवा, सगळं वरच. खोदलेल्या अक्षराला वरून उजेड मिळाला तर त्याची वरची कड काळी आणि खालची उजळ दिसते. तोच फोटो उलटा करा, उजळ कड वर गेली. मेंदू म्हणतो, वरची कड उजळ आहे म्हणजे हे उठलेलं आहे. चंद्राच्या फोटोत खड्डे डोंगर दिसतात, तसंच. मी फोटो फिरवला आणि आठ डोळ्यांदेखत धातूत बुडाला. कडेची ती उचललेली किनार पण दिसली. अस्सल ठसा.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर माफी मागितली. तिला चार अंगठे आले. आणि लाजेपोटी, घासाघीस न करता, साडेअकरा हजाराला जोडी घेतली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पार्सल आलं. डाव्या हाताच्या पाठीवर चौकटीत आठ. उजव्या हाताच्या पाठीवर गोल, त्यात एक. म्हणजे डावा १९७८ चा, उजवा १९८१ चा. दोन्ही अस्सल, पण जोडी एकमेकांची नाही. उजव्याच्या पाठीचा फोटो त्या सातात नव्हता आणि मी आठाच्या नादात तो मागितलाच नव्हता. वर, दोन्ही पॉलिशच्या चाकावर घासलेले. पुढच्या बाजूला कोरलेलं नाव उथळ झालेलं, अक्षरांच्या कडा विरघळलेल्या साबणासारख्या. फोटोत चकाकी म्हणून मी त्याला चांगलं समजलो होतो. खरं तर नव्या भागाचा पृष्ठभाग मंद, सारखा असतो आणि अक्षराची कड धारदार असते. आरशासारखी चकाकी आणि बोथट अक्षर एकत्र दिसलं की धातू काढला गेलाय असं समजावं.

आणि तिसरी गोष्ट, जी यातली खरी गंभीर. उजव्या क्रँकला पाच पायांचा पंजा असतो, त्यावर चेनचं चक्र बसतं. हात आणि त्याच्या शेजारचा पाय जिथे मिळतात तिथे एक अरुंद, टोकदार खाच असते. या जुन्या रेकॉर्ड क्रँकना तडा तिथूनच जातो, कारण प्रत्येक पेडलच्या दाबाचा ताण त्या टोकावर एकवटतो. पाचव्या फोटोत तिथे केसाएवढी काळी रेघ होती. मी ती ओरखडा म्हणून सोडून दिली होती.

तडा आणि ओरखडा एका फोटोत वेगळे करता येत नाहीत. दोन फोटो हवेत, उजेड दोन बाजूंनी. ओरखडा उथळ असतो, बॅटरी फिरवली की तो उजळतो किंवा गायब होतो. तड्याच्या आत उजेड जातच नाही, तो सगळीकडून काळाच राहतो. हातात आल्यावर आमची कारखान्यातली जुनी रीत: रॉकेल लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, कोरडं पुसायचं, वरून खडूची पूड भुरभुरवायची. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीत ओली रेघ काढतं. माझ्या क्रँकनं दीड सेंटिमीटरची रेघ काढली. चढावर उभं राहून पेडल मारताना असा हात तुटला तर काय होतं ते त्र्यंबक रस्त्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून हा आता फक्त व्याख्यानांना फिरतो.

विकणारा फसवा होता का? मला वाटत नाही. त्यालाही ठाऊक नसावं. आणि त्याच्या फोटोंत जे होतं ते मी नीट बघितलं नाही, ही माझी चूक.

चिठ्ठी आलीय. आठ मिनिटं. बरं, स्टिकर पटकन. फ्रेमवरची जुनी अक्षरं बहुतेक स्क्रीन प्रिंटिंगची. एक रंग म्हणजे एक सलग थर, भिंगाखाली कड स्वच्छ. आज कोणी स्कॅन करून इंकजेटवर काढली तर तोच रंग बारीक ठिपक्यांचा बनतो आणि कड तुटक दिसते. माझा प्रेसवाला मित्र हे लांबूनही ओळखतो. पण सावध, मोबाइल फोटोची फाइल लहान करून पाठवतो तेव्हा सलग रंगातही चौकोनी डाग उमटतात आणि कडा धूसर होतात. म्हणून मूळ फाइल मागवा. नवं स्टिकर लावणं गुन्हा नाही, फक्त विकताना ‘मूळ’ म्हणू नये.

आता हेल्मेट. छापलेला विषय, म्हणून चार वाक्यं तरी.

फोटो बाहेरचा नको, आतला मागा. आत निर्मात्याचं नाव, मॉडेल, माप, बनल्याचा काळ आणि कोणत्या मानकानुसार तपासलं ते लिहिलेलं लेबल असतं. अमेरिकेच्या सीपीएससी मानकात हेल्मेट दोन मीटरवरून सपाट ऐरणीवर पाडतात आणि आतल्या डोक्याच्या साच्याला ३०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीनशे पट, यापेक्षा जास्त झटका बसता कामा नये. युरोपच्या ईएन १०७८ मध्ये उंची साधारण दीड मीटर आणि मर्यादा २५० जी. लेबलच नसेल, किंवा बाहेरच्या नावाची आणि आतल्या लेबलाची अक्षरं जुळत नसतील, तर पुढे जाऊ नका. दुसरं, कड बघा. बऱ्याच चांगल्या हेल्मेटमध्ये बाहेरचं पातळ कवच साच्यातच फोमवर बसतं, दोन्ही एकजीव असतात. नकलेत बहुधा कवच नंतर चिकटवलेलं, कडेला फट, कुठे टेप गुंडाळलेली.

पण इथे क्रँकपेक्षा मोठी अडचण आहे. क्रँकचा तडा निदान पृष्ठभागावर येतो. हेल्मेटचा जीव त्या फोममध्ये आहे, त्याची घनता, त्याचे दाणे एकमेकांत किती नीट वितळलेत, आणि आधी एकदा आपटून आतून दबलंय का, यातलं काहीही फोटोत दिसत नाही. फोटोवरून तुम्ही हेल्मेट नाकारू शकता, खरं आहे असं म्हणू शकत नाही. म्हणून जुनं हेल्मेट फोटोवरून विकत घेऊच नका. जुना क्रँक घ्या, आणि घेतलात तर दोन्ही हातांच्या पाठीचे फोटो मागा.

हो हो, दिवे घालवताय ते कळलं. क्रँक टेबलावर आहे, बॅटरी आणि खडूची पूड पण. रॉकेल हॉलवाल्यांनी आत आणू दिलं नाही.