इंग्रजीच्या परीक्षेतून सूट : कोण देतं आणि कुठपर्यंत चालते

(कोल्हापुरात पदवीच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आयईएलटीएसमध्ये साडेसहा बँड कसे पाडायचे, हे शिकवणारे क्लास राजारामपुरीत गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे तो विषय मी घेणार नाही. परीक्षा न देता प्रवेश मिळतो का, मिळतो तर कशाच्या जोरावर, आणि तो जोर कुठे कमी पडतो, एवढंच आज बघू. प्रश्न पैशाचाही आहे. परीक्षेची फी आज सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे आणि तिचा निकाल दोनच वर्षं चालतो.

आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येतं : ‘अमक्या देशाला आयईएलटीएस लागत नाही.’ हे वाक्य जवळजवळ नेहमीच अर्धवट असतं. इंग्रजीचा पुरावा तीन वेगवेगळ्या ठिकाणी मागितला जाऊ शकतो. एक, विद्यापीठाचं प्रवेश कार्यालय. दोन, तुम्हाला पैसे देणारा विभाग, म्हणजे असिस्टंटशिप वगैरे. तीन, त्या देशाचं व्हिसा खातं. एकाने सूट दिली म्हणून ती दुसऱ्याला बांधील नसते. टक्केटोणपे सगळे इथेच खावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. मुलगी कागल तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी आपल्या कोल्हापूर विभागीय मंडळाची, इंग्रजीत 100 पैकी 74. पुढे मेकॅनिकलची चार वर्षांची पदवी, 2023 साली पूर्ण. मग पुण्यात दोन-अडीच वर्षं नोकरी. आता तिला एम.एस. करायचंय. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया अशा तिन्हीकडे ती अर्ज करते. तिची माहिती मी थोडी बदलून सांगतोय, पण अडचणी खऱ्या आहेत.

आधी अमेरिका. तिथे विद्यार्थी व्हिसासाठी सरकारने ठरवलेली इंग्रजीची परीक्षा नाही. विद्यापीठ आय-20 नावाचा कागद देतं, त्यावर विद्यार्थ्याच्या इंग्रजीबद्दल एक नोंद असते आणि ती विद्यापीठच करतं. म्हणजे निर्णय सर्वस्वी विद्यापीठाचा. बऱ्याच विद्यापीठांचा नियम असा, की पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर टोफेल-आयईएलटीएस माफ. काही ठिकाणी मात्र ही सूट इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशातल्या पदवीलाच असते, आणि तिथे भारत बसत नाही. हे विद्यापीठाच्या मुख्य पानावर कधीच कळत नाही. ग्रॅज्युएट स्कूलच्या पानावर इंग्रजीच्या अटीखाली लहान अक्षरांत सूट मिळणाऱ्या देशांची यादी असते, तिथपर्यंत जावं लागतं.

आपल्या मुलीने निवडलेलं विद्यापीठ पहिल्या प्रकारचं होतं. त्यांनी मागितलं माध्यमाचं प्रमाणपत्र. याला सगळे ‘एमओआय’ म्हणतात. ती कॉलेजच्या ऑफिसात गेली, दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र हातात. खूश! विद्यापीठाने ते परत पाठवलं.

आता हा कागद जवळून बघा. बोनाफाईडच्या छापील नमुन्यातच एक ओळ घातलेली होती : ‘हिचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं आहे.’ तारीख नाही. पदवीचं पूर्ण नाव नाही, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत ते नाही. सही आहे, पण कुणाची ते कळत नाही, नुसता शिक्का. आणि खाली संपर्कासाठी जीमेलचा पत्ता. परदेशातल्या कारकुनाला पडताळणी करायची तर तो जीमेलवर मेल टाकणार नाही, कारण जीमेल कुणीही उघडू शकतं.

मान्य होणारं पत्र कसं असतं? लेटरहेडवर जावक क्रमांक आणि तारीख. विद्यार्थ्याचं नाव पासपोर्टवर आहे तसंच. ‘क्ष’ या पदवीचं अध्यापन आणि परीक्षा, दोन्ही इंग्रजीतून झाल्या, असं स्पष्ट वाक्य. यातला ‘परीक्षा’ हा शब्द फार महत्त्वाचा, तो बहुतेक पत्रांत राहून जातो. मग सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, आणि संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल. काही विद्यापीठं विद्यार्थ्याने अपलोड केलेलं पत्र घेतच नाहीत, कॉलेजने परस्पर पाठवलं तरच धरतात. तेव्हा ऑफिसातल्या साहेबांना आधी नमुना टाईप करून न्या. त्यांनाही ते बरं पडतं, आपल्यालाही.

दुसऱ्यांदा पत्र नीट गेलं, तर नवीनच प्रश्न आला. विद्यापीठाच्या छापील फॉर्मवर विचारलं होतं : या संस्थेत शिकवण्याची एकमेव भाषा इंग्रजी आहे का? आता बघा गंमत. कॉलेज म्हणालं, हा फॉर्म तुम्हाला पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडून भरून आणा. आणि विद्यापीठाचा अधिकारी कसं लिहून देणार? विद्यापीठ म्हणजे फक्त इंजिनिअरिंग नव्हे. कला शाखेची मुलं मराठीतून पेपर लिहितात. ‘एकमेव भाषा इंग्रजी’ असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. त्याने नकार दिला, आणि तो बरोबर होता.

यावर तोडगा असा निघाला, की तिने प्रवेश कार्यालयाला मेल करून परिस्थिती सांगितली : विद्यापीठ बहुभाषिक आहे, पण माझ्या पदवीचं अध्यापन आणि परीक्षा फक्त इंग्रजीतून आहेत, तसं पत्र चालेल का? त्यांनी चालवून घेतलं. सगळेच चालवून घेतील असं नाही. म्हणून हा मेल अर्जाची फी भरण्याआधी करायचा. नंतर नकार आला तर फी परत येत नाही. आणि होकार आला तर तो मेल जपून ठेवायचा, कारण ऑनलाइन अर्जात परीक्षेच्या गुणांचा रकाना कधीकधी सक्तीचा असतो, आणि सूट मिळालेली असूनही अर्ज ‘अपूर्ण’ दाखवत पडून राहतो. मग तोच मेल पुढे पाठवून रकाना मोकळा करून घ्यावा लागतो.

प्रवेश झाला. इथे बहुतेक लोक थांबतात. पण तिला टीचिंग असिस्टंटशिप हवी होती. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे तास घ्यायचे आणि त्या बदल्यात फीमध्ये सवलत व महिन्याला मानधन. वर्गात उभं राहून बोलायचं, म्हणून विभागाने बोलण्याचे, म्हणजे स्पीकिंगचे, वेगळे गुण मागितले, तेही प्रवेशाला लागतात त्याहून जास्त. एमओआय पत्राने माफ होते ती प्रवेशाची अट. ही अट माफ झाली नाही. ज्यांचं सगळं गणित असिस्टंटशिपवर आहे, त्यांनी सुटीच्या मागे न लागता सरळ परीक्षा द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ब्रिटन. तिथे व्हिसासाठी इंग्रजीची अट आहे : पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांना भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरची बी-2 पातळी. पण चांगला इतिहास असलेल्या उच्चशिक्षण संस्थांना ती पातळी आहे का हे स्वतः तपासण्याची मुभा आहे. विद्यापीठ ‘कॅस’, म्हणजे व्हिसासाठी लागणारी प्रवेशाची नोंद, देतं तेव्हा इंग्रजी कशावरून तपासलं हे त्यात लिहितं, आणि व्हिसा खातं ते धरून चालतं. म्हणून तिथली बरीच विद्यापीठं आपल्या बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर सूट देतात. साधारण 70 टक्क्यांच्या पुढे, पण कुठला बोर्ड यावर फरक पडतो. सीबीएसई आणि आयएससी बहुतेक ठिकाणी चालतात. आपला राज्य मंडळ काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी त्याच्यासाठी जास्त गुण लागतात, काही ठिकाणी चालतच नाही. तिचे 74 एका विद्यापीठात पुरले, दुसऱ्याने 80 मागितले. त्या दुसऱ्याकडे एमओआयचा मार्ग होता, पण पदवी गेल्या दोन वर्षांतली हवी. ती 2023 ची. नोकरीची वर्षं इथे नडली, आणि ऑफिसात दिवसभर इंग्रजीतच काम चालतं, हे सांगून उपयोग झाला नाही.

इथे एका काकूंनी विचारलंय, की त्यांच्या मुलाला बारावीत इंग्रजीत 85 आहेत, मग त्याला ब्रिटनमध्ये परीक्षा लागणार नाही ना? काकू, तो थेट पदवीला जाणार असेल तर कदाचित नाही लागणार. पण एजंटने त्याला आधी फाउंडेशनचं वर्ष सुचवलं असेल, तर तो अभ्यासक्रम पदवीच्या पातळीखालचा. त्याला विद्यापीठाची स्वतःची तपासणी चालत नाही. व्हिसा खात्याने मान्य केलेली परीक्षाच द्यावी लागते, आणि तीही साधी आयईएलटीएस नाही. ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ असं नोंदवावं लागतं. पेपर तोच, पण नोंदणी वेगळी. साधी देऊन आलात तर फी पुन्हा भरा. आणखी एक. ब्रिटनचं व्हिसा खातं मुलाखतीला बोलावू शकतं, आणि दुभाष्याशिवाय बोलता आलं नाही तर कॅस हातात असूनही नकार येऊ शकतो.

राहिलं ऑस्ट्रेलिया, आणि इथे वाट सर्वांत अरुंद आहे. तिच्या विद्यापीठाने पत्रावर प्रवेश दिला. पण व्हिसा खातं विद्यापीठाच्या शब्दावर चालत नाही. 23 मार्च 2024 पासून विद्यार्थी व्हिसाला आयईएलटीएसचे एकूण 6 बँड, किंवा दुसऱ्या मान्य परीक्षेचे तेवढ्याच तोलाचे गुण लागतात. त्याआधी साडेपाच होते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, न्यूझीलंड, आयर्लंड यांच्या नागरिकांना सूट आहे, आणि या देशांत किमान पाच वर्षं इंग्रजीतून शिकलेल्यांनाही आहे. भारतातल्या इंग्रजी माध्यमाच्या पदवीला ती नाही. म्हणजे विद्यापीठाची ऑफर आली, डिपॉझिट भरलं, आणि मग परीक्षेची तारीख शोधायला धावपळ.

शेवटी तिने परीक्षा दिलीच, कारण तीनपैकी दोन ठिकाणी ती या ना त्या रूपात लागणारच होती. ऐकण्यात साडेसहा, वाचण्यात साडेसहा, लिहिण्यात साडेपाच, बोलण्यात साडेसहा. सरासरी सव्वासहा, नियमाप्रमाणे ती वर सरकून साडेसहा झाली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला पुरेसं. पण ब्रिटनच्या त्या दुसऱ्या विद्यापीठाची अट होती, एकूण साडेसहा आणि कुठल्याही विभागात सहाच्या खाली नको. लिहिण्यात अडकली. मग तिने पहिलंच विद्यापीठ धरलं, जिथे बारावीचे 74 चालत होते. म्हणजे परीक्षा देऊनही सूटच कामाला आली. दोन्ही वाटा एकाच अर्जात एकत्र वापरता येतात का, हे तिने विचारलं होतं. बहुतेक विद्यापीठं जो पुरावा पूर्ण बसतो तोच धरतात. अर्धा परीक्षेचा आणि अर्धा बारावीचा, असं जोडून घेत नाहीत.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलांचा प्रश्न राहिला. तुमचं एमओआय पत्र तीनच वर्षांचं निघणार. काही विद्यापीठं ‘किमान तीन वर्षं’ म्हणतात, तिथे तुम्ही बसता. काही ‘संपूर्ण पदवी’ म्हणतात, तिथे पॉलिटेक्निककडूनही तसंच पत्र घ्या, आणि दोन्ही पत्रांवरची वर्षं गुणपत्रिकांशी जुळतात का ते ऑफिसातून बाहेर पडायच्या आधीच बघा.